फोटोतला साहेब खरा कशावरून?



गेल्या गळीत हंगामाच्या अखेरीस आमच्या गावचे एक सभासद शेतकी गट कार्यालयात आले आणि उसाच्या बिलाचा पुढचा हप्ता कधी जमा होणार, असे विचारू लागले. प्रश्न दरवर्षीचाच, पण या खेपेस त्यांना घाई होती. मुलाला पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली होती आणि लॅपटॉपची अनामत म्हणून 14,500 रुपये शनिवारच्या आत भरायचे होते. मी त्या वेळी तिथेच बसलो होतो. पोरगा डिप्लोमा मेकॅनिकल झालेला, हुशार, दीड वर्ष घरी बसून अर्ज करतोय. त्याने मोबाईलवर कंपनीचे पान उघडून दाखवले. "आमची माणसे" अशा मथळ्याखाली सहा फोटो. सुटाबुटातली, हसतमुख, नावाखाली हुद्दा. ज्या बाईंनी लिंक्डइनवर पोराशी बोलणी केली त्यांचाही फोटो त्यात होता. तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "माणसं चांगल्या घरातली दिसत्यात की!"

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहीत आहे. चौदा एकर ऊस स्वतः राखणारा, बेणे घेताना कांडीवरचा डोळा नखाने दाबून बघणारा माणूस सहा फोटो बघून निर्धास्त झाला. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पैसे बापाच्या खात्यातून जातात आणि तपासणी पोराच्या मोबाईलवर होते. मध्ये कोणी काही विचारीत नाही. माझे म्हणणे असे, की बापाने विचारावे, आणि काय विचारायचे ते बापालाही ठाऊक असावे.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हल्ली सगळे जण फोटो तपासा, फोटो तपासा एवढेच सांगतात आणि अर्धवट सांगतात. फोटोच्या तपासणीत समोरचा माणूस नापास होऊ शकतो. पास मात्र कधीच होऊ शकत नाही. हे कसे, ते त्या सहा फोटोंचे जे झाले त्यावरून सांगतो.

माझी पुतणी पुण्यात संगणकाचेच काम करते. ती रविवारी गावी आली तेव्हा पोराला आणि तात्यांना घरी बोलावले. तिने पहिली सूचना केली ती अशी, की फोटो व्हॉट्सॲपवरून एकमेकांना पाठवू नका, पानावरूनच मोठा करून जतन करा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते आणि ज्या बारीक खुणा बघायच्या असतात त्याच नेमक्या पुसल्या जातात.

पहिला फोटो संचालक म्हणवणाऱ्या गृहस्थांचा. पिकलेले केस, निळा कोट. मोबाईलच्या क्रोममध्ये फोटोवर बोट दाबून धरले की गुगल लेन्सने तो शोधण्याचा पर्याय येतो. पोराने शोधले आणि लगेच ओरडला, "सापडला!" पुतणीने बघितले तर तो दुसराच माणूस. तसेच केस, तसाच कोट, पण कानाची पाळी वेगळी आणि गालावर तीळ. लेन्स आधी सारखे दिसणारे चेहरे पुढे करते. त्यावरून निष्कर्ष काढला तर एखाद्या भल्या माणसावर नाहक आळ यायचा. तिथेच Exact matches असा भाग असतो, तो उघडावा. तो उघडल्यावर आमचे संचालक साहेब बरोबर सापडले. एका परदेशी दवाखान्याच्या जाहिरातीत ते दातांचे डॉक्टर होते, दुसरीकडे विमा घेऊन समाधानी झालेले ग्राहक होते, आणि तयार फोटो विकणाऱ्या एका संकेतस्थळावर विक्रीला ठेवलेले होते, खाली "हसतमुख प्रौढ व्यावसायिक" अशा अर्थाची ओळ. मग तोच फोटो पुतणीने tineye.com वर टाकला. हे ठिकाण चेहरा शोधत नाही, तोच फोटो शोधते. कडेने थोडा कापलेला असला तरी ओळखते. निकालांना Oldest असा क्रम लावला की सर्वांत जुनी नोंद वर येते. नोंद 2014 सालची निघाली. कंपनीच्या पानावर लिहिले होते की कंपनीच 2019 साली स्थापन झाली.

इथे तात्यांनी रास्त शंका काढली. म्हणाले, "आपल्या वार्षिक अहवालाच्या कव्हरवर तो फेटा बांधलेला हसरा शेतकरी आहे, त्यो तरी कुठं आपला सभासद हाय?" बरोबर आहे. तो फोटो छापखान्याने विकत घेतलेला आहे आणि मी मागेच संपादक मंडळाला त्याबद्दल बोललो होतो. आपल्या साडेआठ हजार सभासदांत एक हसरा चेहरा मिळू नये काय? असो. पण त्या शेतकऱ्याच्या फोटोखाली आपण नाव घातलेले नाही आणि "हे आमचे मुख्य शेतकी अधिकारी" असे म्हटलेले नाही. चांगल्या कंपन्याही पान सजवायला विकतचे फोटो वापरतात आणि त्यात लबाडी नाही. विकतच्या चेहऱ्याखाली नाव आणि हुद्दा आला, की तिथे लबाडी सुरू झाली.

दुसरा फोटो भरती प्रमुखांचा. लेन्सवर काही सापडेना. पुतणी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काका, ह्याच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कसा?" खरेच की. आपण घालतो त्या शर्टाला खिसा डाव्या छातीवर असतो. म्हणजे फोटो आरशातल्यासारखा उलटा केलेला. चोरलेला फोटो शोधात सापडू नये म्हणून ही युक्ती करतात. मोबाईलच्या फोटो दुरुस्तीत उलटवण्याचे बटण असते, त्याने तो पुन्हा सुलटा केला आणि शोधला. पहिल्याच निकालात एका परदेशी विद्यापीठाचे पान आले. हे गृहस्थ तिथले प्राध्यापक. माणूस जिवंत, खरा, आणि आपला चेहरा पुण्याच्या नावाखाली पोरांकडून पैसे उकळायला वापरला जातोय याचा त्यांना पत्ताही नसणार. त्यांचे नाव इथे देत नाही, त्यांचा काही अपराध नाही.

उरलेल्या चार फोटोंपैकी एक इतका अस्पष्ट होता की तो सोडून दिला. राहिले तीन, सगळे स्त्रियांचे, त्यातच त्या बोलणी करणाऱ्या बाई. तिन्ही फोटो लेन्सवर शोधले, tineye.com वर शोधले, सुलटे-उलटे करून शोधले. कुठेही काही नाही. पोराचा चेहरा उजळला. "म्हणजे ह्या तरी खऱ्या!"

सगळी मंडळी फसतात ती इथेच. फोटो दुसरीकडे सापडला नाही याचा अर्थ तो खरा, असा होत नाही. कदाचित त्या चेहऱ्याचा माणूसच या जगात नसेल, मग दुसरीकडे सापडणार कसा?

संगणक चेहरे बनवू लागला त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी डिसेंबर 2018 मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली, तिचे नाव स्टाइलगॅन. फ्लिकर या ठिकाणाहून घेतलेले 70,000 चेहऱ्यांचे फोटो तिला शिकवणीसाठी दिले होते. त्यावरून ती नवे चेहरे घडवते; डोळे, नाक, केस, सुरकुत्या सगळे अस्सल वाटणारे, पण जन्माला न आलेल्या माणसांचे. फेब्रुवारी 2019 मध्ये thispersondoesnotexist.com नावाचे पान निघाले. ते उघडले की दर वेळी एक नवा चेहरा समोर येई, फुकट. लबाड लोकांना याहून काय पाहिजे? विकतचा फोटो सापडतो, चोरीचा सापडतो, हा सापडतच नाही.

मात्र या पद्धतीत एक खोट राहिली. शिकवणीचे सगळे फोटो देताना ते असे कापून बसवले होते की डोळे प्रत्येक फोटोत ठरावीक जागी यावेत. त्यामुळे ती पद्धत जे चेहरे बनवते त्यांचेही डोळे फोटोच्या चौकटीत जवळपास त्याच जागी येतात, मध्याच्या किंचित वर. मान थोडी वळलेली असो, बाई तरुण असो वा म्हातारी, डोळे तिथेच.

याची परीक्षा पुतणीने कशी केली ते सांगण्याजोगे आहे, कारण त्याला घरातल्या वस्तू पुरतात. नव्या शर्टाच्या घडीवर असते तसली पारदर्शक पिशवी घेतली, कापून मोबाईलच्या काचेवर ताणून बसवली. पहिल्या बाईंचा फोटो पूर्ण चौकट दिसेल असा उघडला आणि दोन्ही बुबुळांवर मार्करने ठिपके दिले. मग पिशवी न हलवता दुसरा फोटो त्याच आकारात उघडला. ठिपके बरोबर बुबुळांवर. तिसरा उघडला. पुन्हा बुबुळांवर. तात्या चष्मा सावरून दोनदा बघून गेले. मग तुलनेला म्हणून आपल्या कारखान्याच्या संचालक मंडळाचे फोटो उघडले. ते सगळे एकाच फोटोग्राफरने, एकाच खुर्चीत बसवून काढलेले आहेत. तरी कोणाचा डोळा ठिपक्याच्या वर, कोणाचा बाजूला, एका संचालकांची तर मानच कललेली. खरी माणसे एका रेषेत बसत नाहीत.

डोळ्यांची खूण मिळाल्यावर बाकीच्या खुणा शोधणे सोपे गेले. एका बाईंच्या डाव्या कानात मोत्याची कुडी, उजव्या कानात लोंबते काहीतरी, दोन्हींचा मेळ नाही. दुसरीच्या चष्म्याची एक काडी जाड आणि दुसरी बारीक. तिसरीच्या मागे कोणीतरी उभे असावे असे वाटत होते, पण तिथे नुसता वितळलेल्या मेणासारखा खांदा होता. हे चेहरे नोकरीच्या ठिकाणी वापरले जातात हे काही आमचेच संशोधन नव्हे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2022 साली लिंक्डइनवर असे बनावट चेहऱ्यांचे एक हजारांहून अधिक खाते शोधून काढले होते. तिथेही संशय आला तो एका बाईच्या एकाच कानात कुडी होती म्हणून, आणि डोळे नेमके मधोमध होते म्हणून. ती खाती माल खपवण्यासाठी होती, पण युक्ती तीच.

आता या परीक्षेची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर मीच सभासदांना फसवल्यासारखे होईल. ठिपक्यांची परीक्षा फक्त त्या जुन्या पद्धतीच्या चेहऱ्यांना लागू पडते, आणि तीही फोटो मूळ चौकटीत असेल तर. कोणी कडेने कापला की ठिपके चुकतात. साधारण 2022 पासून चित्रे बनवण्याच्या ज्या नव्या पद्धती आल्या त्यांत डोळे कुठेही येतात, कानातली जोडीची येतात, मागे ऑफिसही नीट दिसते आणि तीच बाई तीन वेगवेगळ्या ठिकाणी उभी करता येते. म्हणून ठिपके जुळले तर माणूस नापास, पण जुळले नाहीत तर काहीच सिद्ध होत नाही. त्वचा फार गुळगुळीत दिसते म्हणूनही कोणाला खोटे ठरवू नये. आपल्या पोरींच्या मोबाईलमधला कॅमेरा आपोआपच तोंडाला पावडर लावतो. फोटो टाकला की "इतके टक्के बनावट" असे सांगणारी ठिकाणेही निघाली आहेत. दाबलेल्या, लहान फोटोवर त्यांचे आकडे भरवशाचे नसतात. वजनकाट्यावर चाळीस किलोचा फरक पडला तर आपण सभेत उठून बोलतो, मग असल्या काट्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

आणि नुसत्या नजरेवर तर मुळीच जाऊ नये. सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद या संशोधकांनी 2022 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना खरे आणि संगणकाने बनवलेले चेहरे मिसळून दाखवले आणि ओळखायला सांगितले. शंभरातली 48 उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तर 50 आली असती. खुणा शिकवून पुन्हा परीक्षा घेतली तर 59. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे, कोणता चेहरा विश्वासू वाटतो असे विचारल्यावर बनावट चेहऱ्यांना खऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळाले. तेव्हा "चांगल्या घरातली दिसत्यात" हे तात्यांचे मत म्हणजे गावंढळपणा नव्हे. शिकलेल्या लोकांचेही तेच झाले.

मग फोटोच्या पलीकडे बघायचे ते काय? पुतणीने लिंक्डइनवर त्या बाईंच्या खात्यावर More दाबून About this profile उघडले. तिथे खाते कधी उघडले, फोटो शेवटचा कधी बदलला आणि कंपनीच्या ईमेलने वा ओळखपत्राने खात्री करून घेतली आहे का, हे दिसते. बाईंचा अनुभव लिहिला होता अकरा वर्षांचा. खाते होते नऊ आठवड्यांचे, आणि खात्री कशाचीच नाही. खाते नवे असणे हा गुन्हा नाही, कोणीही कधीतरी पहिल्यांदा उघडतेच. पण अकरा वर्षे लोकांना नोकऱ्या देणारी बाई नऊ आठवड्यांपूर्वी लिंक्डइनवर आली, हे काही पटत नाही.

शेवटचा निकाल लागला तो सोमवारी सकाळी, साध्या फोनवर. कंपनीचे नाव एका खऱ्या, जुन्या कंपनीच्या नावासारखेच होते, मध्ये फक्त एक शब्द जादा घातलेला. पोराने त्या खऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून कार्यालयाचा नंबर काढला. बाईंनी दिलेला नंबर लावला नाही, हे महत्त्वाचे. चोराने दिलेल्या नंबरावर चोरच फोन उचलणार. तिकडून उत्तर आले की या नावाची कोणी बाई आमच्याकडे नाही, आम्ही उमेदवाराकडून अनामत घेत नाही, आणि या आठवड्यातला हा तुमचा चौथा फोन. या एका फोनने जे समजले ते सहा फोटोंच्या तपासणीने पुरते समजले नव्हते. माझ्या मते क्रम असाच हवा. फोटो आधी बघावा, कारण दहा मिनिटांत नापास झाला तर पुढचे कष्ट वाचतात. नापास झाला नाही तर फोन करायचाच, तिथे सूट नाही.

काही जण म्हणतात, व्हिडिओवर बोलून घ्या, चेहरा समोरासमोर दिसेल. घ्यावे, पण तेवढ्यावर थांबू नये. 2024 च्या सुरुवातीस हाँगकाँगमध्ये अरुप या बांधकाम सल्लागार कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ सभेत आपले वरिष्ठ आणि सहकारी डोळ्यांनी बघितले आणि सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. सभेतली ती सगळी माणसे बनावट होती. समोरच्याला मान पूर्ण बाजूला वळवायला सांगावे, तोंडासमोरून हात फिरवायला सांगावे. कच्चे सोंग असेल तर चेहरा तिथे फाटतो. पक्के असेल तर नाही फाटत.

एक सूचना कारखान्याला. आपल्या प्रत्येक गट कार्यालयात संगणक आहे आणि हंगाम संपल्यावर तो दुपारी रिकामाच असतो. गुरुवारी दोन तास ज्या सभासदाला मुलाच्या नोकरीचे पत्र आणि साहेबांचे फोटो दाखवायचे असतील त्याला दाखवू द्यावेत. कारकुनाला वर सांगितलेले तेवढे शिकवायला एक दिवस पुरे. ऊस नोंदीच्या वेळी आपण क्षेत्र मोजायला माणूस बांधावर पाठवतोच. हा विषय मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे, सभासदांनी साथ द्यावी. आणि ज्यांचे पैसे गेले असतील त्यांनी लाजेने गप्प बसू नये. 1930 या नंबरावर ताबडतोब कळवावे, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडकवता येण्याची शक्यता जास्त. दोन दिवसांनी गेलात तर ते दहा खात्यांतून फिरून गेलेले असतात.

तात्यांचे 14,500 रुपये वाचले. पोराने तक्रार केली आणि आठवडाभरात ते पान बंद झाले. पण फोटो जतन करून ठेवा असे पुतणीने त्याला बजावले होते, त्याचा उपयोग झाला. दीड महिन्याने त्याच्या मित्राला सांगलीहून म्हणून एक नोकरीचा निरोप आला. कंपनी दुसरी, बाईंचे नाव दुसरे, अनामत 9,800. डाव्या कानात मोत्याची कुडी, उजव्या कानात लोंबते काहीतरी.